'चौरस' दिसला की ते पान सोडा

प्रश्न: शेतीची माहिती देणारी मराठी वेबसाइट यंत्राने भाषांतर केलेली आहे हे कसं ओळखायचं? आणि अशा साइटवर भरवसा ठेवावा का?

शुद्धलेखन आधी बाजूला ठेवा. 'फवारनी' किंवा 'माहीती' लिहिणारा बहुधा माणूस असतो, आणि अनेकदा बांधावर उभा राहून लिहिणारा माणूस असतो. यंत्र वेलांटी सहसा चुकवत नाही. 'शेतकर्यांना' असा तुटका र दिसला तरी तो पुरावा नाही. मजकूर एका जागेहून दुसरीकडे चिकटवताना ते अक्षर मोडतं. अशुद्ध मराठी म्हणजे खोटी माहिती, असं म्हणणारे नेमकी चांगली पानं नाकारतात आणि गुळगुळीत पानांना फसतात.

यंत्र चुकतं ते धंद्याच्या शब्दात. कापसाचं उदाहरण घ्या. कापसाच्या कळीला आपण पाते म्हणतो. इंग्रजीत तिला 'स्क्वेअर' म्हणतात, आणि हा शब्द बाकी सगळीकडे भूमितीतला असल्यामुळे यंत्र बेधडक 'चौरस' लिहितं. मग पानावर येतं: "चौरस गळणे थांबवण्यासाठी फवारणी करा." म्हणायचंय पातेगळ. तसंच गुलाबी बोंडअळी फुलाच्या पाकळ्या आतून जाळीने बांधते, फूल उमलत नाही, त्याला आपण डोमकळी म्हणतो. भाषांतरात तिथे 'रोझेट फूल' येतं, नाहीतर थेट 'गुलाबासारखे फूल'. निंबोळी अर्काचा 'कडुनिंब बियाणे कर्नल अर्क' होतो. तीन शब्दांपैकी एक जरी असा सापडला, तरी ते पान कापूस लावणाऱ्याने वाचून पाहिलेलं नाही, एवढं नक्की.

भरवशाचा प्रश्न इथेच सुटतो. समजा मूळ वाक्य आहे: दहा टक्के पात्या-फुलांना इजा दिसली तर फवारा. भाषांतरात झालं, "१० टक्के चौरस खराब झाल्यास फवारा." वाचणारा साहजिकच शेताचा तुकडा डोळ्यांसमोर आणतो आणि वाफ्याचा दहावा भाग वाळलेला दिसेपर्यंत थांबतो. आकडा बरोबर आहे, व्याकरणही बरोबर आहे, पण सल्ला गेला. झाडाला बोंडं धरल्यावर हाच दहा टक्क्यांचा हिशेब असा करतात: एकरात वेगवेगळ्या ठिकाणची २० झाडं निवडायची, प्रत्येकाचं एक मध्यम वाढीचं हिरवं बोंड तोडायचं आणि फोडून पाहायचं. २० पैकी दोन बोंडांत जिवंत अळी निघाली की दहा टक्के झाले, फवारणीची वेळ आली. बोंड बाहेरून निरोगी दिसतं, म्हणून फोडल्याशिवाय कळत नाही.

दुसरी खूण हवामानाची. "वसंत ऋतूत पेरणी करा" असं लिहिलेलं असेल तर मूळ मजकूर अमेरिकेचा असण्याची दाट शक्यता आहे. विदर्भ-मराठवाड्यात कोरडवाहू कापूस जूनमध्ये, साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्यावर लावतात. उलट फार लवकर लावलेल्या कापसावर बोंडअळीच्या पहिल्याच पतंगांना अंडी घालायला जागा मिळते. अशा पानावरची एकही तारीख घेऊ नका, मग बाकी भाषा कितीही गोड असो.

वाक्यातच पकडायचं तर सामान्यरूप बघा. 'कापूसमध्ये', 'पाऊसमध्ये' असं आपण बोलत नाही. 'कापसात', 'पावसात' म्हणतो. वाक्याच्या शेवटी '।' असा दंड असेल तर मजकूर बहुधा हिंदीतून आलेला असतो. आणि संगणकावर `Ctrl+U` दाबून पानाचा कोड पाहिलात आणि त्यात हे जागोजागी दिसलं, तर कुणीतरी ब्राउझरने भाषांतर केलेलं पान तसंच उचलून चिकटवलंय:

```
<font style="vertical-align: inherit;">
```

आता उरलेलं. वरच्या खुणा जुन्या पद्धतीच्या भाषांतराच्या आहेत. आताची यंत्रं 'डोमकळी'ही लिहितात आणि सामान्यरूपही बरोबर करतात. फक्त प्रत्येक परिच्छेदात काहीतरी 'महत्त्वपूर्ण भूमिका बजावतं' आणि शेवटी 'निष्कर्ष' असतो. तिथे भाषेवरून निकाल लावू नका, कारण कृषी विभागाच्या पत्रकांतही अशी वाक्यं असतात. तिथे मोजमाप शोधा. कामगंध सापळे लावा असं सगळेच सांगतात. सापळ्यात रोज किती पतंग आले आणि किती दिवस आले की हालचाल करायची, हे लिहिलंय का? गुलाबी बोंडअळीसाठी ते सलग तीन दिवस, प्रत्येक सापळ्यात रोज आठ पतंग असं आहे. 'नियमित निरीक्षण करा' एवढंच असेल तर त्या पानाच्या जोरावर औषध आणायला जाऊ नका. आणि औषधाचं प्रमाण तर कुठल्याच वेबसाइटवरून घेऊ नका, डब्याच्या लेबलावरचंच घ्या. लिटर पाण्याला की एकराला, हा एक शब्द गळला तरी पीक जळतं.