‘ऋण वारंवारता’ : चाल की वेग?

“सर, वारंवारता म्हणजे एका सेकंदात होणाऱ्या आवर्तनांची संख्या. मग वास्तव सिग्नलचे फूरिये रूपांतर काढले की आलेखात शून्याच्या डावीकडे ऋण वारंवारता कुठून येतात? उणे दोन आवर्तने म्हणजे नेमके काय? त्या अर्ध्या भागाला काही अर्थ आहे, की तो सरळ खोडून टाकायचा?”

तुझी अडचण गणिताची कमी आणि शब्दाची जास्त आहे, म्हणून आधी शब्दाकडे पाहू. ‘वारंवार’ म्हणजे पुन्हा पुन्हा, आणि त्यावरून घडवलेली ‘वारंवारता’ म्हणजे किती वेळा याची मोजदाद. काही पुस्तकांत ‘वारंवारिता’ किंवा ‘कंप्रता’ असेही छापलेले असते, पण तिन्ही शब्दांत मोजणी गृहीत धरलेली आहे आणि मोजणी शून्याच्या खाली जात नाही. त्यात ‘ऋण’ या शब्दाने गोंधळ वाढतो. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये धन आणि ऋण संख्यांचे नियम दिले तेव्हा जमा आणि कर्ज ही कल्पना त्यामागे होती, आणि आजही ‘ऋण’ म्हटले की आपल्याला काहीतरी कमी पडल्यासारखे वाटते. फूरिये रूपांतरातल्या ऋण चिन्हाचा कमतरतेशी काहीही संबंध नाही. ते चिन्ह दिशा सांगते.

शाळेच्या विज्ञानात आपण ‘चाल’ आणि ‘वेग’ हे दोन शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवतो. चालीला दिशा नसते, त्यामुळे ती ऋण असू शकत नाही. वेगाला दिशा असते, म्हणून सरळ रेषेवर उलट जाणाऱ्या वस्तूचा वेग ऋण लिहिताना आपण अडखळत नाही. वारंवारतेच्या बाबतीत मात्र मराठीत (आणि माझ्या माहितीप्रमाणे इतर भाषांतही) दोन्ही अर्थांना एकच शब्द वापरला जातो. लंबकाची किंवा ध्वनीची वारंवारता ही चालीसारखी असते, तर रूपांतरातली वारंवारता वेगासारखी असते. रूपांतरात `e^(jωt)` हे पद येते, त्यातील `j` म्हणजे उणे एकचे वर्गमूळ आणि `ω` म्हणजे कोनीय वेग. या नावात ‘वेग’ आधीच आहे. हे पद वर्तुळावर फिरणारा एक बाण दाखवते. `ω` धन असेल तर तो घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरतो आणि ऋण असेल तर काट्यांच्या दिशेने. तेव्हा ‘उणे दोन हर्ट्झ’ याचा अर्थ ‘सेकंदाला दोन फेरे, पण उलट दिशेने’ एवढाच आहे.

आता वास्तव सिग्नलला उलट फिरणारा बाण का लागतो ते पाहू. एकटा फिरता बाण वास्तव सिग्नल कधीच देत नाही, कारण त्याचे टोक आडव्या अक्षावर राहत नाही. ते सतत वर-खाली जाते, आणि उभी दिशा ही काल्पनिक भागाची दिशा आहे. आपल्याला बेरीज प्रत्येक क्षणी आडव्या अक्षावरच हवी असेल, तर पहिल्या बाणाचा उभा भाग खोडून काढणारा दुसरा बाण हवा. हे खोडणे सर्व क्षणी जमायचे असेल, तर दुसऱ्या बाणाची लांबी तितकीच हवी, तो तितक्याच वेगाने उलट फिरायला हवा, आणि सुरुवातीला तो पहिल्याचे आडव्या अक्षातले प्रतिबिंब असायला हवा. यालाच पुस्तकात ‘वास्तव सिग्नलसाठी `X(-f)` ही `X(f)` ची अनुबद्ध संमिश्र संख्या असते’ असे लिहिलेले असते. म्हणजे सिग्नल वास्तव असूनही ऋण वारंवारता येतात असे नसून, तो वास्तव असल्यामुळेच त्या जोडीने येतात.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. बाण हा घटक आपण निवडलेला आहे. १८२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उष्णतेवरील ग्रंथात फूरिये यांनी श्रेणी मांडल्या त्या साइन आणि कोसाइन यांच्या, आणि त्या मांडणीत ऋण वारंवारतेची गरज पडत नाही. पण तिथे प्रत्येक वारंवारतेला साइनचा एक आणि कोसाइनचा एक असे दोन सहगुणक ठेवावे लागतात. बाणांच्या मांडणीतही सहगुणक दोनच असतात, धन बाजूचा एक आणि ऋण बाजूचा एक. हिशेब तोच राहतो, फक्त खाती वेगळ्या नावांनी उघडली जातात.

एक लहान उदाहरण हाताने करून पाहा. एका सेकंदात ८ नमुने घेतले आहेत, आणि सिग्नल म्हणजे १ हे स्थिर मूल्य अधिक ६ आयामाची, २ हर्ट्झची साइन. नमुने असे येतात: १, ७, १, −५, १, ७, १, −५. त्यांचे रूपांतर काढू आणि ८ ने भागू.

```python
import numpy as np
x = [1, 7, 1, -5, 1, 7, 1, -5]
print(np.fft.fft(x) / 8)
print(np.fft.fftfreq(8, 1/8))
```

पहिल्या ओळीत आठ संख्या येतात, पण शून्य नसलेल्या तीनच असतात: शून्याव्या स्थानी १, दुसऱ्या स्थानी `-3j` आणि सहाव्या स्थानी `+3j`. (मोजणी शून्यापासून आहे हे विसरू नकोस, इथे पहिली चूक बहुतेकांची होते.) शेवटच्या दोन संख्या एकमेकींच्या अनुबद्ध आहेत, आणि `-3j·e^(jθ) + 3j·e^(-jθ)` ही बेरीज उलगडून पाहिलीस तर बरोबर `6 sin θ` हाती येते. सहाचा आयाम दोन बाणांत तीन-तीन असा वाटला गेला आहे.

आता तू विचारशील की सहावे स्थान उणे दोन कसे झाले. सहाव्या स्थानाचा बाण एका नमुन्यापासून पुढच्या नमुन्यापर्यंत सहा अष्टमांश फेरा, म्हणजे २७० अंश, पुढे जातो. पण नमुने फक्त त्या-त्या क्षणीच घेतलेले असल्यामुळे २७० अंश पुढे गेलेला बाण आणि ९० अंश मागे आलेला बाण एकाच जागी दिसतात. म्हणून सहावे स्थान आणि उणे दुसरे स्थान एकच आहे, आणि `fftfreq` त्याला −२ असे नाव देते. चौथ्या स्थानी मात्र बाण दर नमुन्याला अर्धा फेरा फिरतो, आणि अर्धा फेरा पुढे किंवा मागे यात फरक उरत नाही. त्यामुळे ते स्थान स्वतःचेच जोडीदार आहे. `fftfreq` त्याला −४ म्हणते आणि `rfftfreq` त्याच स्थानाला ४ म्हणते, तेव्हा तिथले चिन्ह मनाला लावून घेऊ नये.

‘खोडून टाकायचा का’ या तुझ्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर, कशासाठी यावर अवलंबून आहे. फक्त पाहण्यासाठी असेल तर डावा भाग झाकून ठेवायला हरकत नाही, कारण त्यात नवीन माहिती नाही. `rfft` तेच करते आणि आठऐवजी पाचच संख्या देते. पण मग आयाम वाचताना उजव्या भागातल्या संख्या दुप्पट कराव्या लागतात, आणि ते करताना शून्याव्या स्थानाला हात लावायचा नसतो, कारण स्थिर मूल्याला जोडीदार नसतो. नमुन्यांची संख्या सम असेल तेव्हा अगदी टोकाच्या, इथे चौथ्या, स्थानालाही तेच लागू आहे. आपल्या उदाहरणात शून्यावे स्थान दुप्पट केले तर सरासरी २ निघेल, आणि नमुन्यांची सरासरी १ आहे हे नुसत्या नजरेनेही कळते.

शक्ती काढताना चूक आणखी सहज होते. नमुन्यांच्या वर्गांची सरासरी १९ आहे. रूपांतराच्या बाजूने १ + ९ + ९ म्हणजेही १९ येतात. कोणी आधी आयाम दुप्पट करून ६ केला आणि मग वर्ग केला, तर १ + ३६ म्हणजे ३७ येतात आणि ताळा जमत नाही. आधी वर्ग करून मग दुप्पट केले की १ + १८ होतात आणि ताळा जमतो. दोन्ही बाजूंचा हा ताळा प्रत्येक वेळी घेण्याची सवय मी स्वतःला मुद्दाम लावून घेतली आहे.

गाळणी लावण्यासाठी मात्र डावा भाग खोडून चालत नाही. समज, तुला २ हर्ट्झचा घटक काढून टाकायचा आहे आणि तू फक्त दुसरे स्थान शून्य केलेस. उलट रूपांतर केल्यावर पहिलाच नमुना `1+3j` असा येतो, म्हणजे सिग्नल आता वास्तवच राहिलेला नाही. पुष्कळ जण अशा वेळी `.real` लावून काल्पनिक भाग फेकून देतात आणि पुढे जातात. तसे केलेस तर उरलेल्या सिग्नलमध्ये ३ आयामाची साइन तशीच असते. म्हणजे घटक गेला नाही, अर्धा झाला. उलट रूपांतरानंतर काल्पनिक भाग `1e-16` च्या आसपास असेल तर तो संगणकाच्या गोलाकारणाचा आहे, तो टाकायला हरकत नाही. तो सिग्नलच्या आयामाशी तुलना होण्याइतका मोठा असेल, तर जोडीपैकी एक बाण मागे राहिला आहे असे समजावे आणि `.real` लिहिण्याआधी तो शोधावा.

राहिला तुझ्या प्रश्नातला ‘वास्तव’ हा शब्द. इथे त्याचा अर्थ ‘खराखुरा’ असा नाही. सिग्नलची प्रत्येक क्षणीची किंमत वास्तव संख्या आहे, एवढेच तो सांगतो. डॉप्लर रडारच्या ग्राहक यंत्रात एकाच लहरीची ९० अंशांच्या फरकाने दोन मोजमापे घेतात आणि त्यांची मिळून एक संमिश्र संख्या करतात. त्या संख्यांच्या रूपांतरात डावा भाग उजव्याचे प्रतिबिंब असण्याचे कारण उरत नाही. जवळ येणारी वस्तू सामान्यतः अधिक दोनशे हर्ट्झवर दिसत असेल, तर त्याच चालीने दूर जाणारी वस्तू उणे दोनशेवर दिसते. दोन मोजमापांपैकी एकच घेतले, तर दोन्ही वस्तू दोन्ही ठिकाणी दिसतात आणि कोण येत आहे, कोण जात आहे हे सांगता येत नाही.