परदेशी स्क्रीनवरचे आकडे: सेटिंग बदलू नका, वाचायला शिका

प्रश्न: परदेशी सप्लायरच्या साईटवर आणि मशीनच्या स्क्रीनवर इंच, फॅरनहाइट, kr सारखी चिन्हं आणि 1.250,00 असे उलटेसुलटे आकडे येतात. हे पटकन कसं समजायचं? कॉम्प्युटरची सेटिंग बदलून सगळं आपल्यासारखं दिसेल का?

सेटिंग बदलू नका. हे आधी सांगते, कारण याच एका गोष्टीवरून माझं आणि माझ्या तेव्हाच्या साहेबांचं जे वाजलं ते अजून माझ्या डोक्यात आहे. इंच, फॅरनहाइटचं मी खाली सांगते, पण खरं सांगू का, त्यांची एवढी भीती बाळगायचं कारण नाही. चुकीचं वाचलंत तर आकडा बहुतेक वेळा इतका वेडावाकडा येतो की लगेच कळतं. घात करतात ते टिंब आणि स्वल्पविराम, कारण तिथे चुकीचा आकडासुद्धा अगदी शहाण्यासारखा दिसतो.

मी भोसरीला एका प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात परचेसला होते. आमच्याकडे जर्मन मशीन होती, तिचे सील, ओ-रिंग वगैरे तिकडच्याच सप्लायरकडून यायचे. त्यांच्या पोर्टलवरून ऑर्डरची फाईल उतरवली की त्यात अशी ओळ असायची:

```
Menge: 1.200 Stk   Preis: 1,385 EUR   Gesamt: 1.662,00 EUR
```

जर्मनीत टिंब म्हणजे हजारांची फोड आणि स्वल्पविराम म्हणजे दशांश. म्हणजे नग बाराशे, भाव एक युरो साडेअडतीस सेंट, एकूण सोळाशे बासष्ट युरो. आता हीच ओळ आपल्या पद्धतीने वाचा. नग 1.2, भाव 1385 युरो. आणि 1.2 गुणिले 1385 किती? तेही 1662! म्हणजे गुणाकार करून पडताळलं तरी चूक सापडत नाही, कारण एक आकडा हजारपट लहान झाला आणि दुसरा हजारपट मोठा, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. साहेबांनी नेमकं हेच केलं. कॅल्क्युलेटर काढला, गुणाकार केला, आणि मला म्हणाले, "मॅडम, टोटल टॅली होतेय, तुम्ही उगाच शंका काढता. टिंब ते टिंब, जगात कुठेही जा." वर असंही म्हणाले की 1.2 म्हणजे सव्वा पेटी वगैरे असेल, परचेसच्या बाईंनी टेक्निकल गोष्टीत पडू नये.

मी एवढंच म्हटलं की सर, Stk म्हणजे नग, आणि ओ-रिंग 1.2 नग कशी येणार? त्यावर उत्तर नव्हतं, पण ऐकायचंही नव्हतं. सीएचएला, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटला, जाणाऱ्या कागदावर क्वांटिटी 1.2 लिहिलेली मी स्वतः पाहिली आणि तो कागद जाऊ दिला नाही. पेटीत बाराशे नग आणि बिल ऑफ एंट्रीवर 1.2 नग असं गेलं असतं तर माल कस्टम्सला अडकला असता आणि डिटेन्शनचे पैसे कंपनीने भरले असते. त्याहून वाईट म्हणजे रेटच्या रजिस्टरला भाव 1385 युरो असा चढला असता. युरो नव्वदला धरला तर एक रिंग सव्वा लाखाला पडते! खरा भाव साधारण सव्वाशे रुपये. पुढच्या वेळी लोकल वेंडरने त्याच रिंगचे चारशे मागितले असते तर रजिस्टर बघून तो स्वस्त आहे म्हणून त्याला ऑर्डर गेली असती.

म्हणून माझी पद्धत अशी, आणि ती अजून तशीच आहे. एकटा आकडा कधीच वाचायचा नाही. त्याच स्क्रीनवर असा आकडा शोधायचा ज्यात टिंब आणि स्वल्पविराम दोन्ही आहेत, वरच्या ओळीत तो 1.662,00 होता. दोन्ही असतील तर शेवटचं चिन्ह दशांशाचं, आणि मग अख्खी स्क्रीन त्याच नियमाने वाचायची. असा आकडा नसेल तर ज्यात शेवटच्या चिन्हानंतर दोनच अंक आहेत तो बघायचा, टॅक्स किंवा पोस्टेजचा असतोच कुठेतरी. तेही नसेल तर वस्तूलाच विचारायचं, की हे नग अर्धेमुर्धे असू शकतात का, या वस्तूचं एवढं वजन असेल का. फ्रान्सच्या स्क्रीनवर हजारांच्या जागी नुसती बारीक मोकळी जागा असते, स्वित्झर्लंडला 1'234.50 असं वर टांगलेलं चिन्ह असतं, त्यात घोटाळा होत नाही. आणि हो, आपली 12,34,567 ही लाखाची फोड तिकडच्या माणसाला टायपिंगची चूक वाटते, तेव्हा त्यांना पाठवताना 1234567 असं सरळ लिहा.

आता सेटिंगचं. माझं म्हणणं पटलं तेव्हा साहेबांनी दुसरं टोक गाठलं. आयटीवाल्या मुलाला बोलावून परचेसच्या सगळ्या पीसींवर विंडोजचं रीजन जर्मनी करून टाकलं, म्हणे आता फाईल आपोआप बरोबर उघडेल. फाईल उघडली बरोबर, पण आमचे रोजचे शीट मेले. तिकडे तारीख टिंब देऊन लिहितात ना, म्हणून आमच्या मुलीने भावाच्या कॉलममध्ये 1.5 टाइप केलं की एक्सेल त्याची 1 मे करून टाकायचं, आणि एकदा तारीख झाली की सेलमध्ये दीड उरतच नाही, तारखेचा पाच आकडी नंबर असतो. बेरजेत दीडच्या जागी तो नंबर जमा! लाखाची फोडही गेली. संध्याकाळपर्यंत सगळं परत भारतावर आणावं लागलं, आणि त्याचा दोषही "तुम्हीच तर म्हणालात" म्हणून माझ्यावर आला. मी सेटिंग बदला असं कधीच म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं की फाईल नीट आत घ्या.

नीट म्हणजे काय ते सांगते. परदेशी सीएसव्हीवर डबल क्लिक करायचं नाही. आपलं एक्सेल 1.200 चं गुपचूप 1.2 करतं आणि 1,385 चं 1385, साहेबांनी केलं तेच. फक्त 1.662,00 त्याला कळत नाही म्हणून तो मजकूर समजून सेलच्या डाव्या बाजूला चिकटतो. एकाच कॉलममध्ये काही आकडे डावीकडे आणि काही उजवीकडे दिसले की समजायचं, उजवीकडचेसुद्धा बिघडलेत. ती फाईल बंद करा, सेव्ह करू नका. Data मधून From Text/CSV ने आत घ्या, Transform Data दाबा, त्याने आपणहून लावलेली Changed Type ही पायरी काढून टाका, मग कॉलमवर राइट क्लिक करून Change Type, Using Locale, तिथे Data Type ला Decimal Number आणि Locale ला German (Germany) निवडा. अख्ख्या कॉम्प्युटरला नाही, त्या एका कॉलमला सांगायचं की तू जर्मन आहेस. आकडे आधीच मजकूर म्हणून आलेले असतील तर एवढं पुरतं:

```
=NUMBERVALUE(A2,",",".")
```

पहिलं चिन्ह दशांशाचं, दुसरं हजारांचं. एक्सेल 2013 पासून आहे हे.

फॅरनहाइटचं सूत्र सगळ्यांना येतं, 32 वजा करून 1.8 ने भागा. ते चुकत नाही. चुकतं ते फरकाचं. अमेरिकन मशीनच्या मॅन्युअलमध्ये बॅरलचं तापमान 446°F, कमीजास्त 10°F असं लिहिलेलं असतं. 446 चे 230°C झाले, एबीएस प्लास्टिकला ठीक. पण कमीजास्त दहाचं काय करायचं? तिथेही 32 वजा करणारी माणसं मी पाहिली आहेत, उत्तर उणे बारा येतं आणि मग डोकं खाजवतात. फरकाला फक्त 1.8 ने भागायचं, म्हणजे साडेपाच अंश. आणि स्क्रीन फॅरनहाइटवर असताना कुणी सवयीने 230 टाकलं तर ते 110°C होतात, त्यात एबीएस वितळत नाही. मशीनला कोल्ड स्टार्टचं इंटरलॉक नसेल तर स्क्रू कडक मालात फिरायला बघतो, आणि स्क्रू मोडला तर मोठा खर्च. मशीनवर आकड्याशेजारचं C की F हे अक्षर बघितल्याशिवाय सेटपॉइंटला हात लावू देऊ नका, ऑपरेटर कितीही जुना असो.

इंच तर आपल्या फिटर लोकांना शिकवायलाच नको, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, चार सूत म्हणजे अर्धा इंच, हे हिशोब त्यांचे तोंडपाठ असतात. 25.4 ने गुणलं की मिलिमीटर, आणि स्क्रीनवर 1-1/2" दिसलं तर मधली रेघ वजाची नाही, ते दीड इंच, 38.1 मिमी. फक्त पाइपच्या आट्यांना हे लावू नका. G1/2 हे नाव आहे, माप नाही. बाहेरून मोजाल तर 20.955 मिमी भरतं, 12.7 नाही.

चलनाचं चिन्ह बघून पैसे पाठवू नका एवढंच माझं ठाम मत. kr स्वीडनचंही, नॉर्वेचंही, डेन्मार्कचंही, आणि तिघांचा भाव वेगळा. ¥ जपानचंही आणि चीनचंही. $ तर अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर सगळ्यांचं. पेमेंटच्या आधी तीन अक्षरी कोड शोधा, SEK, NOK, DKK, JPY, CNY, USD. स्क्रीनवर तो नसेल तर सप्लायरला मेल करून लेखी घ्या, फोनवर विचारून भागवू नका.

आणि एक राहिलंच, जे आधी सांगायला हवं होतं. टिंबानंतर तीन अंक दिसले की डोळे झाकून हजार समजू नका. कुवेत, बहारीन, ओमान इथल्या चलनाला दशांशानंतर तीन अंक असतात. 1.250 KWD म्हणजे एक दिनार अडीचशे फिल्स, साडेबाराशे दिनार नाही. आपली बरीच मंडळी तिकडे आहेत, घरी पैसे पाठवताना त्यांना माहीत असतं, पण तिकडून कोटेशन आलं की इकडचा परचेसवाला गडबडतो. येन उलटा, त्याला पैसेच नाहीत, म्हणून जपानी कोटेशनमध्ये 12,500 दिसलं तर ते साडेबारा हजारच.