हजारी जन्मदर : छेद कोणाचा, तुलना कशाशी?

दर हजारी आकड्यांविषयी पत्रे येतच असतात आणि त्यांतला गोंधळ बहुतेक वेळा एकच असतो: वरचा आकडा सगळे वाचतात, खालचा कोणी वाचत नाही. म्हणून या वेळी निवडक प्रश्नांना एकत्र उत्तरे देत आहे.

जन्मदर १८ म्हणजे हजार बायकांमागे १८ मुले, असाच अर्थ ना?

नाही. हजार लोकसंख्येमागे एका वर्षात १८ जिवंत जन्म असा अर्थ आहे आणि त्या हजारांत पुरुष, वृद्ध आणि पाळण्यातली बाळेही मोजलेली असतात.

दर काढताना लोकसंख्या १ जानेवारीची धरायची की ३१ डिसेंबरची?

दोन्ही नाही, वर्षाच्या मध्याची धरावी. जनगणना जुनी झालेली असेल तर हा आकडा अंदाजावर बेतलेला असतो. तो कोणत्या पद्धतीने काढला आहे हे सांख्यिकी कार्यालयात विचारूनच वापरावा.

आमच्या शहराचा जन्मदर १८ आहे आणि शेजारच्या शहराचा १५. म्हणजे आमच्याकडे बायकांना जास्त मुले होतात, असे सगळेच म्हणतात. ते खरे आहे ना?

‘सगळेच म्हणतात’ हा पुरावा मी आजवर कधी मान्य केलेला नाही आणि या प्रश्नात तर तो हमखास दगा देतो. आपण ज्याला जन्मदर म्हणता त्याला आम्ही स्थूल जन्मदर म्हणतो, आणि ‘स्थूल’ हा शब्द शोभेसाठी लावलेला नाही. या दरात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: एक, स्त्रियांना मुले किती होतात, दोन, मुले होण्याच्या वयाच्या स्त्रिया त्या लोकसंख्येत मुळात किती आहेत. नुसत्या १८ आणि १५ या आकड्यांवरून यांपैकी कोणत्या गोष्टीमुळे फरक पडला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आपल्या पत्रात दोनच आकडे असल्याने बाकीचे मी गृहीत धरतो. दोन्ही शहरांची लोकसंख्या एकेक लाख समजू. आपल्या शहरात वर्षभरात १,८०० जन्म झाले आणि शेजारी १,५०० झाले, म्हणजे दर बरोबर १८ आणि १५ येतात. आता आपल्या शहरात नोकरीधंद्यासाठी तरुण मंडळी येत राहतात आणि शेजारच्या शहरातून तीच बाहेर पडतात, असे धरले तर स्त्रियांचे चित्र पुढीलप्रमाणे असू शकते. दर हा त्या वयोगटातल्या हजार स्त्रियांमागे वर्षात झालेल्या जन्मांचा आहे.

| वयोगट | आपले शहर: स्त्रिया | आपले शहर: दर | शेजार: स्त्रिया | शेजार: दर |
|---|---|---|---|---|
| १५–२४ | ८,००० | ४० | ६,००० | ६५ |
| २५–३४ | १६,००० | ८५ | ६,००० | १४५ |
| ३५–४९ | ६,००० | २० | ८,००० | ३० |

प्रत्येक ओळीत स्त्रियांची संख्या आणि दर यांचा गुणाकार करून हजाराने भागावे. आपल्याकडे ३२०, १,३६० आणि १२० मिळून १,८०० जन्म येतात. शेजारी ३९०, ८७० आणि २४० मिळून १,५००. म्हणजे हिशेब जुळतो. आता दरांचे स्तंभ पुन्हा पाहा. एकाही वयोगटात आपल्याकडचा दर जास्त नाही. तरीही एकूण आकडा आपला मोठा आला, कारण पंचविशी ते पस्तिशीतल्या स्त्रिया आपल्याकडे १६,००० आहेत आणि शेजारी जेमतेम ६,०००.

मग तुलना करायची कशी? साधा उपाय म्हणजे वयरचना दोन्हीकडे एकच धरायची. आपल्या शहरातल्या स्त्रियांना शेजारचे दर लावून पाहू: ८,००० ना ६५ च्या दराने ५२०, १६,००० ना १४५ च्या दराने २,३२०, आणि ६,००० ना ३० च्या दराने १८०. बेरीज ३,०२०, म्हणजे हजारी ३०.२. याचा अर्थ, आपल्याकडच्या स्त्रियांना शेजारणींइतकी मुले होत असती तर आपला जन्मदर १८ नव्हे, ३० च्या वर गेला असता. ‘आमच्याकडे जास्त मुले होतात’ हे विधान नुसते चुकीचे नाही, ते उलटे आहे. या रीतीने काढलेल्या दराला प्रमाणित दर म्हणतात.

ही रीत आजची नाही. १८४४ साली एडविन चॅडविक यांनी इंग्लंडमधल्या निरनिराळ्या भागांच्या आरोग्याची तुलना मृत्यूच्या वेळच्या सरासरी वयावरून केली, तेव्हा त्याच वर्षी नीसन या विमागणितज्ञाने लंडनच्या सांख्यिकी संस्थेपुढे दाखवून दिले की वयरचना वेगळी असेल तर असली तुलना फसवी ठरते. आणि त्यासाठी त्याने एका भागाचे मृत्युदर दुसऱ्या भागाच्या लोकसंख्येला लावून दाखवले. पावणेदोनशे वर्षांपूर्वी मिटलेला हा वाद दर आठवड्याला माझ्या टपालात पुन्हा उभा राहतो. मृत्युदराच्या बाबतीत तर तो अधिकच ठसठशीत आहे: दीर्घायुष्यासाठी जगभर प्रसिद्ध असलेल्या जपानचा स्थूल मृत्युदर २०१९ साली हजारी ११ च्या आसपास होता आणि कतारचा २ पेक्षाही कमी. कतारमध्ये तरुण कामगारांचा भरणा आहे आणि जपानमध्ये वृद्धांचा, एवढेच त्यातले रहस्य.

दोन मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. प्रमाणित दर हा कल्पित लोकसंख्येवरचा हिशेब असल्याने प्रमाण म्हणून कोणती वयरचना घेतली यावर तो अवलंबून असतो. दोन वेगवेगळ्या प्रमाणांवर काढलेले प्रमाणित दर शेजारी ठेवणे ही नवी चूक होईल. शिवाय प्रसूतिगृहात खाटा किती लागतील हे ठरवायचे असेल तर प्रमाणित दराचा काही उपयोग नाही, तिथे प्रत्यक्ष १,८०० जन्मच मोजायचे. आपल्या शहराचे खरे वयोगटवार आकडे मिळवा आणि काहीही जाहीरपणे बोलण्यापूर्वी लोकसंख्याशास्त्राच्या जाणकाराकडून तपासून घ्या.

एका अहवालात जननदर १.५५ असे वाचले. अर्धे मूल कुठून आले?

हा एकूण जननदर आहे आणि तो हजारी नसून एका स्त्रीमागे असतो. आज १५ वर्षांची असलेली मुलगी पन्नाशीपर्यंत यंदाच्याच वयोगटवार दरांनी चालली तर तिला सरासरी किती मुले होतील, याचे हे उत्तर आहे. वरच्या तक्त्यातल्या आपल्या शहराचे दर घ्या: पहिल्या दोन गटांत दहा-दहा वर्षे आणि तिसऱ्यात पंधरा, म्हणून ४०० अधिक ८५० अधिक ३००, म्हणजे हजार स्त्रियांमागे १,५५० आणि एकीमागे १.५५. शेजारच्या शहराचा याच रीतीने २.५५ येतो. वयरचनेचा घोळ यात नसल्याने दोन ठिकाणांची तुलना करायला हा आकडा चांगला. मात्र स्त्रिया पहिले मूल उशिरा होऊ देऊ लागल्या की काही वर्षे तो प्रत्यक्षापेक्षा खाली दिसतो, तेव्हा एका वर्षाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नका.

आमच्या गावाची लोकसंख्या ४०,००० आणि गेल्या वर्षी नोंदलेले जन्म १,६००. हजारी ४० हा दर भयंकर नाही का?

भयंकर आहे तो हिशेब. आपल्या पत्रातच, अगदी शेवटी, गावात मोठे रुग्णालय असल्याचा उल्लेख आहे. तो पहिल्या ओळीत यायला हवा होता. जन्म जिथे झाला तिथे नोंदला जातो, पण छेदात आपण फक्त गावच्या रहिवाशांना धरले आहे. नोंदीच्या कागदावर जन्माचे ठिकाण आणि आईच्या राहण्याचे ठिकाण असे दोन वेगळे रकाने असतात, ते एकाखाली एक ठेवून पाहा. समजा १,६०० पैकी १,००० माता बाहेरगावच्या निघाल्या आणि आपल्या गावच्या ४० जणींची बाळंतपणे माहेरी झाली, तर खरे जन्म ६४० आणि दर हजारी १६.

यातच आणखी एक रोग आहे, दिरंगाईचा. वर्षअखेरच्या बाळांची नोंद पुष्कळ घरांतून पुढच्या वर्षी केली जाते, आणि मग घाईने काढलेला दर त्या वर्षापुरता घसरलेला दिसतो. जन्माची तारीख आणि नोंदीची तारीख यांपैकी कोणत्या तारखेवरून मोजणी झाली आहे, हे निबंधकांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

१,२०० वस्तीच्या आमच्या गावात जन्म १८ चे २७ झाले. ‘जन्मदरात ५० टक्के वाढ’ अशी बातमी आली. काही केले पाहिजे का?

काही करू नका. दर १५ वरून २२.५ झाला हे खरे, पण लहान आकडे आपोआपच हेलकावतात. एक ढोबळ कसोटी सांगतो: दोन्ही वर्षांच्या जन्मांची बेरीज करा, तिचे वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. ४५ चे वर्गमूळ सुमारे ६.७, दुप्पट सुमारे १३. आपला फरक ९ चाच, म्हणजे योगायोगाच्या मर्यादेतला. हेच आकडे दसपट असते, १८० चे २७०, तर मर्यादा ४२ च्या आसपास आणि फरक ९० आला असता. तेव्हा मात्र कारण शोधावे लागले असते. लहान गावांसाठी पाच वर्षांचे जन्म एकत्र करून त्यावर दर काढावा. बातमीदाराने छेद छापला असता तर हे पत्र लिहावेच लागले नसते.

एका खासगी प्रसूतिगृहाच्या जाहिरातीत ‘आमच्याकडे बालमृत्यू हजारी फक्त २’ असे आहे आणि सरकारी आकडा पुष्कळ मोठा आहे. सून तिथेच न्यावी का?

हे दोन आकडे एका जातीचे नाहीत. सरकारी अर्भक मृत्युदरात हजार जिवंत जन्मांमागे पहिल्या वाढदिवसाआधी झालेले सगळे मृत्यू येतात. जाहिरातवाले बहुधा बाळ घरी जाईपर्यंतचेच मोजतात, आणि जोखमीच्या केसेस आधीच मोठ्या रुग्णालयात पाठवल्या असतील तर हिशेबात त्या नसतातच. मृत्यू किती दिवसांपर्यंतचे मोजले आणि किती जणींना पुढे पाठवले, हे दोन प्रश्न तिथे विचारा. कुठे न्यावे हे मात्र जाहिरातीवरून किंवा माझ्यावरून नव्हे, सुनेला तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

दोन गावांचे जन्मदर २० आणि १०. दोन्ही मिळून १५ धरू का?

दोन्हींची लोकसंख्या सारखी असेल तरच. एकात १०,००० आणि दुसऱ्यात ९०,००० माणसे असतील तर जन्म २०० अधिक ९००, म्हणजे लाखामागे १,१०० आणि दर ११.