फोटोवरून कुत्र्याचं पेशवाई थाटातलं तैलचित्र

प्रश्न: आमचा शेरू काळा आहे, कपाळावर पांढरा ठिपका, छातीवर पांढरा पट्टा, डावा कान पडलेला. पगडी-अंगरखा घातलेलं त्याचं तैलचित्र करून घ्यायचंय, पण तो शेरूच दिसायला हवा. चित्रकाराला काय सांगू? (नाशिक)

उत्तर: पगडी डोक्यावर नको, एवढं आधी सांगा. ती कपाळावरचा ठिपका झाकेल आणि पडलेला कान दाबून टाकेल. म्हणजे शेरूची ओळखच गेली. पगडी शेजारी चौरंगावर ठेवा, राजेपणा तेवढाच राहतो. अंगरखा मात्र चालेल, कारण त्याला छातीवर गोल उघडा भाग असतो. त्यामागचा कापडी पडदा रंगवू नका म्हटलं, की पांढरा पट्टा तिथून बरोबर दिसतो. मोत्यांची माळ पट्ट्यावर हरवेल, ती गळ्याच्या काळ्या केसांवर येऊ द्या.

पोशाखाचा नमुना म्हणून जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने १७९२ च्या सुमारास रंगवलेलं सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं तैलचित्र दाखवा.

मी नाशकात अशी चित्रं करतो. चित्र बहुतेक वेळा फोटोतच बिघडतं. मोबाईल तोंडाजवळ धरला की नाक फुगतं आणि कान मागे जातात. सहा-सात फुटांवरून, थोडा झूम करून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून काढा. सकाळी खिडकीचा उजेड एका बाजूने येऊ द्या, ट्यूबलाइट बंद. फ्लॅश नकोच, डोळे हिरवे चमकतात आणि नजर कळत नाही. तोंड मिटलेला फोटो निवडा. जीभ बाहेर असली तर अंगरख्यात तो विदूषक वाटतो. सेल्फी कॅमेऱ्याचा फोटो तर देऊच नका. तो उलटा आला तर पडलेला कान उजवीकडे जाईल, आणि हे लक्षात येतं चित्र घरी आल्यावर.

चित्रकाराने आधी डोकं पूर्ण करावं, मग कपडा. कपड्यावरचा उजेड फोटोतल्याच बाजूने यायला हवा, नाहीतर डोकं चिकटवल्यासारखं दिसतं. दुसरी अडचण खांद्यांची. माणसाची मान सरळ वर येते, कुत्र्याची पुढे झुकून. माणसाचे रुंद खांदे दिले तर गॅदरिंगमधलं सोंग होतं. खांदे उतरते ठेवून जोड शेल्याच्या चुण्यांत लपवतात. काळे केसही नळीतल्या काळ्या रंगाने भरू नयेत, सपाट भोक पडल्यासारखं दिसतं. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर मिसळून केलेला काळा उजेडात निळसर, सावलीत तपकिरी करता येतो.

कपड्याला हात लावण्याआधी डोक्याचा फोटो मागवा आणि घरात ज्याला काही सांगितलेलं नाही अशा कुणाला तरी दाखवा. त्याने "हा शेरू" म्हटलं तरच पुढे जा. नाही म्हटलं, तर आधी भुवयांजवळचा भाग आणि डोळ्यांतली चमक फोटोशी ताडून पाहायला सांगा. कुत्र्याचा भाव तिथेच असतो.

वॉर्निशची घाई करू नका. रंग आतपर्यंत सुकायला साधारण सहा महिने लागतात, पावसाळ्यात जास्तच.