एसएल उडाल्यानंतरची दुसरी एंट्री आधीच लिहून ठेवायची असते

प्रश्न: माझा स्टॉपलॉस, म्हणजे एसएल, दोन-तीन रुपयांनी उडतो आणि शेअर तिथूनच वर निघतो. मग चिडून परत घेतो आणि आणखी मार खातो. परत एंट्री घ्यावी का? आणि ती रिव्हेंज ट्रेड नाही हे घेताना कसं ओळखायचं?

उत्तर:

घ्यावी. मी घेतो. पण मी फक्त कॅश सेगमेंटमध्ये, रोजच्या कँडलवर, दोन-तीन आठवड्यांचे स्विंग ट्रेड करतो, तेव्हा पुढचं तेवढ्यापुरतंच धरा. ऑप्शनमध्ये शेअर त्याच भावाला परत आला तरी प्रीमियम तोपर्यंत झिजलेला असतो. तिथे हा हिशेब लागू पडत नाही.

नुसते नियम सांगण्यापेक्षा माझ्या वहीतला एक ट्रेड सांगतो. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही.

शेअर दोनदा 408 च्या आसपास येऊन वर फिरला होता. आधीचा माथा 442 ला. तिसऱ्यांदा खाली येऊन वळला तेव्हा मी 418 ला घ्यायचं ठरवलं, एसएल 406. म्हणजे 12 रुपये धोका, 24 रुपये अपेक्षा. भांडवल 4 लाख. एका सेटअपवर मी 1 टक्का, म्हणजे 4,000 रुपयांच्या वर गमवायला तयार नसतो. आता यातला मुद्दा नीट बघा. हे 4,000 एका ट्रेडचे नाहीत, त्या सेटअपवरच्या सगळ्या प्रयत्नांचे मिळून आहेत. ते मी पहिली ऑर्डर टाकायच्या आधीच तोडतो: पहिल्या प्रयत्नाला 2,400, दुसऱ्याला 1,600, तिसरा प्रयत्न नाही. वहीच्या त्याच पानावर खाली दुसरी एंट्री कोणत्या अटीवर घ्यायची तेही लिहितो. तेव्हा एक पैसा गेलेला नसतो, त्यामुळे डोकं थंड असतं. एसएल उडाल्यावर बसून बनवलेली अट ही बहुतेक वेळा आपल्याला जे करायचंच आहे त्याला शोधलेलं कारण असतं.

2,400 भागिले 12, म्हणून 200 शेअर घेतले.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाजार नरम उघडला. मी गणपती पेठेत दुकानावर होतो, गिऱ्हाईक समोर उभं होतं. अकराच्या सुमारास फोन वाजला, माल 405.80 ला विकला गेलेला. शेअरने 403.50 चं तळ दाखवलं आणि बाराच्या आत 409 वर परत. 2,440 रुपये गेले. त्या क्षणी पोटात काय होतं ते तुम्ही लिहिलंच आहे. कोणीतरी आपला खिसा बघून हात घातला असं वाटतं, आणि बोट सरळ 400 शेअरवर जातं.

खिशात हात कोणी घातलेला नसतो. 408 हा तळ चार्टवर सगळ्यांना दिसतो, म्हणून त्याच्या एक-दोन रुपये खाली शेकडो लोकांचे एसएल साठलेले असतात. भाव तिथे टेकला की ते सगळे एकदम विक्रीच्या ऑर्डरी होतात आणि भाव आणखी दोन-चार रुपये ढकलला जातो. ज्याला मोठा माल घ्यायचा आहे त्याला तिथे विकणारे आयते मिळतात. विक्री संपली की भाव उसळतो. पण खरी पडझड सुरू होते तेव्हाही पहिले दोन तास अगदी असेच दिसतात: तळ तुटतं, थोडी उसळी येते, आणि दुपारनंतर ती उसळी विरते. बारा वाजता या दोन गोष्टींत फरक करता येत नाही. मला तरी कधी आला नाही.

म्हणून माझी अट दिवसाच्या बंद भावावर असते. साडेतीनला शेअर 408 च्या वर बंद झाला, तर तळ तोडायचा प्रयत्न फसला असं मी मानतो. ही नवी माहिती आहे, सकाळी ती नव्हती. 408 च्या खाली बंद झाला, तर 2,440 वहीत मांडून विषय संपला. साडेतीनपर्यंत त्या शेअरमध्ये खरेदीची ऑर्डर टाकायची नाही, हे मी स्वतःला पक्कं बांधून घेतलंय. एका वर्षी याच घाईपायी मी एका दिवसात एकच शेअर तीनदा घेतला होता, प्रत्येक वेळी आधीच्याच भावाला आणि आधीच्याच एसएलवर. रोजच्या कँडलवर घेतलेला निर्णय पाच मिनिटांच्या कँडलवर दुरुस्त करायला गेलो होतो. तुमच्याही स्क्रीनवर एसएल उडाल्याबरोबर चार्टचा कालावधी लहान होत असेल, तर चीड हातात उतरल्याची ती पहिली खूण समजा.

त्या दिवशी शेअर 413.50 ला बंद झाला, दिवसाचा उच्चांक 416. रात्री घरी जेवून मी दुसऱ्या एंट्रीचं पान भरलं.

खरेदी 416 च्या वर, म्हणजे ज्या दिवसाने मला बाहेर काढलं त्याचा माथा ओलांडल्यावर. एसएल 402, म्हणजे नव्या तळाच्या, 403.50 च्या खाली. जुना 406 पुन्हा वापरायचा नाही. तो भाव बाजाराने तुडवून दाखवला आहे, त्याला आता अर्थ उरलेला नाही. लक्ष्य तेच 442. ते पुढे ढकलायचं नाही, कारण गेलेले 2,440 या शेअरला माहीत नसतात.

मग प्रश्न, कमाल किती भावापर्यंत घ्यायचं? धोक्याच्या दीडपट तरी मिळत असेल तरच मी घेतो. 418 ला घेतलं तर धोका 16 आणि अपेक्षा 24, बरोबर दीडपट. त्यापुढे नाही. म्हणून एसएल प्रकारची खरेदी ऑर्डर, ट्रिगर 416.50 आणि लिमिट 418, म्हणजे भाव 416.50 ला आला की ऑर्डर जागी होते आणि 418 च्या वर घेत नाही. संख्या सगळ्यात महाग भाव धरून काढायची: 1,600 भागिले 16, म्हणजे 100 शेअर. पहिल्याच्या निम्मे. मन इथे जोरात कुरकुर करतं, आणि ती कुरकुर ऐकायची नाही.

यात एक खाच आहे. सकाळी शेअर 421 ला उघडला असता, तर धोका 19 आणि अपेक्षा 21 झाली असती. मग हा सौदा उरत नाही. ऑर्डर लगेच रद्द करायची. नाही केली तर ट्रिगर लागून गेलेला असतो, 418 ची लिमिट ऑर्डर तशीच पडून राहते, आणि भाव ढासळत खाली येताना माल तुमच्या गळ्यात पडतो. वर जाणारा शेअर म्हणून लावलेली ऑर्डर पडणारा शेअर घेऊन देते.

माझी खरेदी 416.80 ला झाली. पुढच्या दोन आठवड्यांत 442 आला, तिथे विकला. 100 शेअरवर 2,520 मिळाले. पहिल्यात गेलेले 2,440 वजा केले तर 80 रुपये उरतात, आणि दोन्ही ट्रेडचे एसटीटी आणि बाकीचे खर्च साधारण 300. म्हणजे अंदाज बरोबर आला, शेअर लक्ष्याला पोचला, आणि माझ्या हातात दोनशेच्या वर तोटा. मला हा ट्रेड अजूनही चांगला वाटतो. दुसरी एंट्री नसती तर 2,440 गेलेच होते.

आता तेच 400 शेअर घेऊन बघा. लक्ष्य लागलं असतं तर 10,080 मिळाले असते, आणि हाच आकडा डोळ्यासमोर नाचत असतो. पण 402 चा एसएल उडाला असता तर 5,920 गेले असते, आधीचे 2,440 धरून 8,360. भांडवलाच्या दोन टक्क्यांच्या वर, एकाच शेअरच्या एकाच कल्पनेवर. माझ्या 100 शेअरच्या ट्रेडमध्ये एसएल उडाला असता तर सगळं मिळून 3,920 गेले असते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं: संख्या कुठल्या आकड्यापासून निघाली ते बघा. एसएलच्या अंतरापासून निघाली तर तो ट्रेड आहे. "किती घेतले म्हणजे गेलेले भरून निघतील" इथून निघाली तर तो सूड आहे, मग चार्ट कितीही छान दिसो.

लहानपणी वडिलांबरोबर मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला जायचो. आधीच्या लाटेत महाग पडलं असलं तरी पुढच्या ढिगापाशी ते कांडी मोडून रंग बघायचे आणि त्या ढिगाचीच बोली लावायचे. मागचं पुढच्या पोत्यात ओतायचं नाही, असं म्हणायचे. दुसरी एंट्री भरताना मला ती मोडलेली कांडी आठवते.

पण तुमच्या बाबतीत आणखी एक शंका येते. "दोन-तीन रुपयांनी उडतो" हे वारंवार होत असेल तर दोष दुसऱ्या एंट्रीत नाही, पहिल्या एसएलमध्ये आहे. माझ्या वरच्या ट्रेडमध्येही होता. त्या शेअरचा 14 दिवसांचा एटीआर 10 रुपये होता, म्हणजे तो दिवसाला सरासरी 10 रुपये हलत होता, आणि मी एसएल तळाच्या फक्त 2 रुपये खाली ठेवला होता, बरोबर गर्दीत. त्यानंतर मी तळाच्या खाली अर्धा एटीआर सोडतो. इथे तो 403 आला असता आणि 403.50 च्या तळाने उडाला नसता. धोका 15 रुपये, म्हणून 160 शेअर, जाऊ शकणारे पैसे तेच 2,400. एसएल लांब केला की संख्या कमी करायची, एवढं पाळलं तर लांब एसएल महाग पडत नाही. मात्र अपेक्षा दीडपटीच्या खाली जात असेल तर मुळात पहिलाच ट्रेड सोडायचा.

हे तुमच्या बाबतीत खरं आहे का ते मोजून बघा, आठवणीवर जाऊ नका. एसएल उडून वर गेलेले शेअर लक्षात राहतात, उडून खालीच गेलेले कोणाला आठवत नाहीत. मी मागची पानं काढून बसलो तेव्हा वर परत आलेले मला वाटत होते त्यापेक्षा बरेच कमी निघाले. तुमचे शेवटचे तीस एसएल काढा. प्रत्येकापुढे तीनच गोष्टी लिहा: एसएल तळापासून किती खाली होता, त्या दिवशीचा एटीआर किती, आणि साडेतीनला शेअर तुटलेल्या तळाच्या वर बंद झाला की खाली. दोन-तीन संध्याकाळचं काम आहे. ते आकडे इथे टाकलेत तर मी सवडीने बघून सांगेन की तुम्हाला दुसरी एंट्री शिकायची गरज आहे की फक्त एसएल हलवायची.