मायाच्या आजोबांना पोचवायला जाताना

«आई, मायाचे आजोबा गेले, उद्याच फ्युनरल आहे. ते ज्यू होते. आपल्यात कोणी गेलं की सगळे नुसते गप्प बसतात, मला ते थंड वाटतं. तिथेही तसंच करू का? आणि घालू काय?»

ईरा,

‘थंड’ हा शब्द जरा लागला. पण जाऊ दे.

उद्याच कसं, असं वाटलं असेल, तर त्यांच्यात दफन शक्यतो लवकर उरकतात. शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंत, आणि मोठ्या सणांना करत नाहीत. गडद, साधे, खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाल. सपाट बूट घाल, कबरीपाशी माती मऊ असते. फुलं नेऊ नकोस. शवपेटी बहुधा बंदच असते, त्यामुळे शेवटचं दर्शन घ्यायला पुढे जाऊ नकोस.

फुलांचं मला कसं माहीत? रास्ता पेठेत आमच्या खाली सायमनकाका राहायचे. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. बोलणं आपल्यासारखंच मराठी, आडनाव कोकणातल्या गावाचं. ते गेले तेव्हा आजी हार आणायला निघाली, तर त्यांच्या मुलीने थांबवलं, “आमच्यात फुलं वाहत नाहीत, मावशी.” मग आजी वर गेली आणि पिठलं-भात घेऊन आली. त्यांच्याकडेही पहिलं जेवण शेजाऱ्यांनीच आणायचं असतं, त्यात उकडलेली अंडीही असतात. अंडी दुसऱ्या कोणी आणली, आजीच्या स्वयंपाकघरात ती शिरणं शक्यच नव्हतं! पण तू घरचं काही करून नेऊ नकोस. मायाच्या घरी कोशर, म्हणजे त्यांचे खाण्याचे धार्मिक नियम, पाळत असतील, तर आपल्या भांड्यातलं चालणार नाही. आधी विचार.

कबरीत माती टाकायला लोक पुढे जातात. तुला बोलावलं तर जा, नाही तर मागे उभी राहा. फावडं पुढच्याच्या हातात द्यायचं नसतं. आपली माती टाकून झाली की ते मातीच्या ढिगात खोचून ठेवायचं, पुढचा आपलं आपण उचलतो. स्मशानाबाहेर पडताना ते हात धुतात. आपण घरी येऊन अंघोळ करतो, तसंच काहीसं.

नंतर सात दिवस घरचे ‘शिवा’ला बसतात, बरेचदा बुटक्या खुर्च्यांवर. काही घरांत आरसे झाकलेले असतात, दचकू नकोस. तिथे “कशी आहेस?” असं विचारू नकोस. जवळ जाऊन बस आणि आधी मायाला बोलू दे. त्यांचा रिवाजच तसा आहे. तुला थंड वाटणारा आपला गप्पपणा तिथे अगदी चालतो. ती बोलली की आजोबांचं नाव घेऊन काहीतरी आठव, त्यांनी तुम्हाला गाडी शिकवली होती ना, ते सांग. “ते आता सुखात असतील” वगैरे नको, ते मला आपल्याकडेही कधी पटलं नाही.

निघताना मी असते तर ‘येते’ म्हणाले नसते, आपल्यात अशा घरातून निघताना तसं म्हणत नाहीत. तू काय म्हणायचं ते तुझं तू बघ. मायाचा हात दाबून निघालीस तरी चालेल.

आई