आधी सोडवलेली उदाहरणे तपासा

अभियांत्रिकी गणिताच्या गाइडचे परीक्षण लिहिताना प्रत्येक प्रकरणातील एक तरी उदाहरण उत्तर झाकून स्वतः सोडवावे आणि छापलेले उत्तर मूळ समीकरणात घालून पाहावे. dy/dx + y/x = x² याचे उत्तर एका गाइडमध्ये y = x³/4 + c असे मला आढळले; ते समीकरणात घातल्यावर डावीकडे c/x जास्तीचे उरते, कारण xy = x⁴/4 + c या पायरीनंतर x ने भागताना c तसाच राहिला होता. बरोबर उत्तर y = x³/4 + c/x. अशी चूक पृष्ठक्रमांकासह नोंदवावी. भागाकाराची ही पायरीच गाळलेली असेल, तर तो दोष स्पष्टतेचा. किंमत जोखताना मात्र, विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट मिळणाऱ्या प्रश्नपत्रिकांची पाने हिशेबातून वगळावीत.